स्कॅनर सकाळी रिकामा आणि तीननंतर लिस्ट भरून वाहते: रिलेटिव्ह व्हॉल्यूम वेळेप्रमाणे कसा लावायचा

हा प्रॉब्लेम पुन्हा पुन्हा येतो. ब्रेकआऊटचा स्कॅनर लावलेला असतो, अट साधी असते की किंमत कालच्या हायच्या किंवा २० दिवसांच्या हायच्या वर आणि व्हॉल्यूम सरासरीच्या दीडपट, आणि मग सकाळी साडेनऊ ते अकरा, म्हणजे खरे ब्रेकआऊट जेव्हा निघतात तेव्हा, लिस्ट कोरी. अडीच-तीन वाजले की एकदम चाळीस शेअर, त्यातले निम्मे सकाळीच ५ टक्के पळालेले. काहींच्या बाबतीत उलटं होतं, ९:१५ ची कॅन्डल बंद झाली की रोज पन्नास नावं आणि दुपारी काहीच नाही. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, छेद चुकलाय. आजचा व्हॉल्यूम कशाशी तोलतोय ते चुकलंय.

एनएसईचं कॅश मार्केट ९:१५ ते ३:३०, म्हणजे ३७५ मिनिटं, १५ मिनिटांच्या २५ कॅन्डल. पण व्हॉल्यूम त्या २५ मध्ये सारखा वाटला जात नाही. रात्रभरात साठलेल्या ऑर्डरी पहिल्या अर्ध्या तासात फुटतात, बारा ते दीड मार्केट सुस्त, आणि शेवटच्या तासात इंट्राडेवाल्यांच्या पोझिशन कापल्या जातात, ब्रोकरचा ऑटो स्क्वेअर ऑफ चालतो, क्लोजिंग भावाजवळ काम करणारे फंड उतरतात, म्हणून पुन्हा वाढतो. मधे खोल आणि दोन्ही कडा उंच असा हा आकार बहुतेक शेअरमध्ये रोज दिसतो.

आता आकडे घेऊन बघू. समजा एक मिडकॅप आहे, रोज सरासरी २० लाख शेअरचा व्हॉल्यूम. साधारण दिवशी त्याचा सकाळपासूनचा एकूण व्हॉल्यूम ९:३० ला २.४ लाख, १०:१५ ला ५.६ लाख, १०:३० ला ६.२ लाख, दुपारी १ ला ११.२ लाख, २:१५ ला १३.८ लाख आणि ३:३० ला २० लाख. (आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या शेअरचे तुम्ही काढा, आकार असाच मिळेल.)

आज हा शेअर १०:१५ ला रेझिस्टन्स तोडतो आणि तोपर्यंत १४ लाख शेअर झालेत. पूर्ण दिवसाच्या सरासरीशी तोललं तर १४ भागिले २०, म्हणजे ०.७. दीडपटीची अट लावलीय, शेअर बाहेर. अट पूर्ण व्हायला ३० लाख लागणार आणि ते होईपर्यंत दुपार उलटून जाते. पण हाच १४ लाखाचा आकडा त्याच वेळेच्या सरासरीशी, म्हणजे ५.६ लाखाशी तोलला तर २.५ येतो. त्या क्षणी शेअरमध्ये नेहमीच्या अडीचपट माणसं उतरली आहेत आणि स्कॅनर सांगतोय व्हॉल्यूम कमी आहे.

दुसरी पद्धत म्हणजे चालू कॅन्डल भागिले मागच्या २० कॅन्डलची सरासरी. १५ मिनिटांच्या चार्टवर `sma(volume,20)` लावणारे सगळे साधारण हेच करतात, फक्त त्यात चालू कॅन्डलही मोजली जाते. ९:१५ च्या कॅन्डलसाठी मागच्या २० कॅन्डल म्हणजे काल १०:३० ते ३:३०, त्यात मिळून १३.८ लाख, सरासरी ६९ हजार. आजची पहिली कॅन्डल अगदी नेहमीची २.४ लाखाची असली तरी उत्तर ३.५ येतं. काहीही घडलेलं नाही, कुठली बातमी नाही, तरी साडेतीनपट! म्हणून रोज सकाळी पन्नास नावं. आणि दुपारी १ ची कॅन्डल घ्या, नेहमीचा व्हॉल्यूम ४५ हजार. मागच्या २० मध्ये आज सकाळच्या मोठ्या कॅन्डल आणि कालच्या शेवटच्या पाच आल्या, सरासरी ८७ हजार झाली. आता १ वाजता व्हॉल्यूम खरोखर दुप्पट, म्हणजे ९० हजार झाला, तरी उत्तर १.०३. दुपारचा चांगला ब्रेकआऊट असाच निसटतो.

तर दुरुस्ती अशी. आज सकाळपासून आत्तापर्यंतचा एकूण व्हॉल्यूम घ्यायचा आणि मागच्या २० सत्रांत याच वेळेपर्यंत झालेल्या एकूण व्हॉल्यूमशी तोलायचा. ट्रेडिंगव्ह्यूवर यासाठी `Relative Volume at Time` नावाचा तयार इंडिकेटर आहे, त्यात `Cumulative` मोड निवडा. नुसता `Relative Volume` वेगळा आहे, स्क्रीनरमध्येही दोन्ही नावांचे वेगवेगळे कॉलम मिळतात आणि घाईत भलताच लागतो, तेव्हा आधी ते तपासा. स्वतः पायथनमध्ये करत असाल तर एका शेअरच्या मिनिट डेटावर एवढंच पुरतं:

```python
v = df["volume"].between_time("09:15", "15:29")
v = v.resample("5min").sum().between_time("09:15", "15:25")
g = v.groupby([v.index.date, v.index.time]).sum().unstack()
g = g[g.sum(axis=1) > 0].drop(short_days, errors="ignore")
cum = g.cumsum(axis=1)
base = cum.shift(1).rolling(20).median()
rvol = cum / base
```

`short_days` ही अपुऱ्या सत्रांच्या तारखांची यादी आहे, तारखा `datetime.date` स्वरूपात हव्यात, तिच्याबद्दल खाली बोलतो. `shift(1)` काढू नका, नाहीतर आजचा व्हॉल्यूम आजच्याच सरासरीत मिसळतो आणि मोठा आकडा दबतो. आणि मार्केट चालू असताना फक्त बंद झालेल्या शेवटच्या ५ मिनिटांच्या रकान्यातलं उत्तर वाचायचं. अर्धी झालेली कॅन्डल पूर्ण कॅन्डलशी तोलली की उत्तर कमी येतं, आणि पुढच्या रकान्यांत आज अजून डेटाच नसल्यामुळे तिथे `NaN` दिसतं.

इतकं केल्यावर बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम सुटतो, पण सगळ्यांचा नाही. तरी विचित्र लिस्ट येत असेल तर एकेक शेअर बघत बसू नका, एक टेस्ट करा. तुमच्या पूर्ण लिस्टचा, समजा निफ्टी ५०० चा, दर १५ मिनिटांनी रिलेटिव्ह व्हॉल्यूमचा मध्यक काढा, म्हणजे सगळे शेअर क्रमाने लावून बरोबर मधला आकडा. कसलीही मोठी बातमी नसलेल्या काही दिवसांवर हे करा आणि वेळ आडवी, मध्यक उभा अशी रेष काढा. गणित बरोबर असेल तर ती रेष १ च्या आसपास, बहुतेक वेळा १ च्या जरा खालीच, आडवी पडते, कारण साध्या दिवशी मधला शेअर साधाच असणार ना. रेष आडवी नसेल तर तिचा आकारच सांगतो काय बिघडलंय. ०.१ पासून सुरू होऊन हळूहळू १ पर्यंत चढत गेली तर अजून पूर्ण दिवसाचीच सरासरी छेदात आहे. दोन्ही टोकं वर आणि मधे खड्डा असेल तर मागच्या कॅन्डलची सरासरी लागलीय.

आणि जर ९:२० ला रोज १.३-१.४ असून दुपारपर्यंत उतरत १ वर येत असेल तर प्री-ओपन तपासा. हे प्रकरण लवकर लक्षात येत नाही म्हणून नीट सांगतो. ९ ते ९:१५ च्या प्री-ओपनमध्ये ऑर्डरी जुळवल्या जातात आणि ते सौदे ९:१५ च्या आधीच झालेले असतात. लाइव्ह फीडमध्ये दिवसाचा एकूण व्हॉल्यूम म्हणून जो आकडा येतो त्यात हे सौदे मोजलेले असतात. पण जुना मिनिट डेटा उतरवला तर पहिली कॅन्डल ९:१५ ची, आणि तिच्यात प्री-ओपनचा व्हॉल्यूम असेलच असं नाही, डेटा देणाऱ्यावर आहे. मग अंशात प्री-ओपन आहे, छेदात नाही. ९:२० ला एकूण व्हॉल्यूमच कमी असतो म्हणून हा फरक मोठा दिसतो, दुपारपर्यंत तो इतर व्हॉल्यूममध्ये विरून जातो. तपासायला सोपं आहे, मार्केट बंद झाल्यावर एका शेअरच्या सगळ्या मिनिट कॅन्डलची बेरीज करा आणि लाइव्ह फीडच्या शेवटच्या आकड्याशी जुळवा. फरक एक्स्चेंजच्या साइटवर दिसणाऱ्या त्या शेअरच्या प्री-ओपन व्हॉल्यूमच्या जवळपास निघाला तर दोषी सापडला. उपाय म्हणजे ९:१५ ला लाइव्हचा जो पहिला आकडा येतो तो दिवसभर वजा करत राहायचा, किंवा अंश आणि छेद दोन्ही एकाच मिनिट डेटातून घ्यायचे. मी दुसरा सुचवेन, एक मिनिट उशीर होतो पण तुलना सारख्याची सारख्याशी होते.

रेष आडवी आहे पण एखाद्या दिवशी सगळीच १.६ किंवा १.८ वर गेलीय, तर गणित बरोबर आहे, मार्केटच तसं आहे. ४ जून २०२४, लोकसभा निकालाचा दिवस, त्या दिवशी कुठला शेअर दीडपटीच्या खाली होता ते शोधावं लागलं असतं. बजेट, स्टॉक फ्युचर्सची महिन्याची एक्सपायरी, असे दिवस याच जातीचे. अशा दिवशी शेअरच्या आकड्याला त्याच वेळच्या लिस्टच्या मध्यकाने भागा. शेअर २.५ आणि मध्यक १.७ असेल तर त्याचं स्वतःचं वेगळेपण १.४७ च आहे. मला हे भागणं रोजच लावलेलं आवडतं, साध्या दिवशी १ च्या आसपासच्या आकड्याने भागून फारसं काही बदलत नाही आणि गोंधळाच्या दिवशी लिस्ट आपोआप आवरते. एक्सपायरीवरून आठवलं, एनएसईची एक्सपायरी सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारची मंगळवारी आली, तेव्हा कोणी जुन्या कोडमध्ये एक्सपायरीचा वार धरून वेगळी सरासरी काढत असेल तर तो वार बदलला का ते बघून घ्या.

आता वरच्या कोडमध्ये सरासरी न घेता `median` का घेतलाय ते. आपलाच मिडकॅप, १९ दिवस १०:१५ पर्यंत ५.६ लाखाच्या आसपास आणि एक दिवस कंपनीचा निकाल लागला, त्या दिवशी १०:१५ पर्यंत ६२ लाख. साधी सरासरी काढली तर ८.४ लाख होते. आजचे १४ लाख भागिले ८.४, म्हणजे १.६७. तुमची अट २ ची असेल तर शेअर गेला. एका दिवसाने पुढचे २० दिवस तो शेअर स्कॅनरमधून गायब केला आणि नेमकं चांगल्या निकालानंतर कन्सॉलिडेट होऊन पुन्हा तोडणारे शेअरच आपल्याला हवे असतात! मध्यक ५.६ वरच राहतो, उत्तर २.५ मिळतं. हा दोष ओळखायची खूण अशी की शेअरचा छेद एका दिवसात अचानक ३० टक्क्यांनी पडतो, म्हणजे तो मोठा दिवस २० च्या खिडकीतून बाहेर गेला. मात्र ट्रेडिंगव्ह्यूच्या तयार इंडिकेटरमध्ये साधी सरासरीच आहे, तिथे निकालाच्या महिन्यात हे लक्षात ठेवून वाचावं लागतं.

`short_days` मध्ये काय टाकायचं, तर मुहूर्त ट्रेडिंग आणि शनिवारची छोटी खास सत्रं, उदाहरणार्थ २ मार्च आणि १८ मे २०२४ ची डिझास्टर रिकव्हरीची. मुहूर्त पूर्वी संध्याकाळी व्हायचा, त्यामुळे वेळेची चाळणी लावली की तो आपोआप गळायचा आणि कोणी लक्ष द्यायचं नाही. पण २१ ऑक्टोबर २०२५ चा मुहूर्त दुपारी १:४५ ते २:४५ होता, थेट नेहमीच्या वेळेच्या आत! त्या दिवसाचा १०:१५ चा आकडा शून्य आणि तो सत्र म्हणून २० मध्ये मोजला जातो. मध्यकावर फार फरक पडत नाही, साध्या सरासरीत छेद ५ टक्क्यांनी खाली येतो आणि पुढचे २० दिवस सगळेच शेअर जरा फुगलेले दिसतात. उलट १ फेब्रुवारी २०२५ शनिवार होता पण बजेटसाठी पूर्ण सत्र झालं, तो काढायचा नाही. म्हणजे शनिवार दिसला की उडव असा नियम चालत नाही, तारखाच लिहाव्या लागतात.

पुढचा दोष कॅन्डल मोजून मागे जाणाऱ्यांचा. चार्टइंकसारख्या स्कॅनरमध्ये वेळेनुसार सरासरी सरळ मिळत नाही म्हणून लोक १५ मिनिटांच्या चार्टवर २५ कॅन्डल मागे, ५० मागे, ७५ मागे असे व्हॉल्यूम घेऊन त्यांची सरासरी काढतात. युक्ती चांगली आहे आणि निफ्टी ५० मधल्या शेअरवर ती नीट चालते. पण ज्या १५ मिनिटांत एकही सौदा झाला नाही ती कॅन्डल बऱ्याच डेटात येतच नाही, आणि स्मॉलकॅपमध्ये दुपारी असं होतं. समजा एखाद्या शेअरच्या रोज दोन कॅन्डल गायब, दिवसाला २३ च. आजच्या १०:१५ च्या कॅन्डलपासून २५ मागे गेलात तर काल १०:१५ ला न पोचता काल ९:४५ ला पोचता, ५० मागे गेलात तर परवा ९:१५ ला, आणि ७५ मागे गेलात की तीन दिवसांपूर्वीची सकाळ ओलांडून त्याच्याही आदल्या दिवशीच्या शेवटच्या अर्ध्या तासात. सगळ्या मोठ्या व्हॉल्यूमच्या जागा छेदात आल्या, म्हणजे शेअर कधीच पास होणार नाही. तपासायचं असेल तर व्हॉल्यूमच्या शेजारी त्या कॅन्डलची तारीख आणि वेळ छापा, दोन मिनिटांत कळतं. वरच्या कोडमध्ये `resample` रिकाम्या जागी शून्य भरतो म्हणून हा सरकण्याचा प्रकार होत नाही. स्कॅनरच वापरायचा असेल तर लिस्ट फ्युचर्स असलेल्या शेअरपुरती ठेवा.

आणि आता ज्याने खरे पैसे जातात ते. एकूण व्हॉल्यूमवरचा आकडा सकाळचा जोर दिवसभर वाहून नेतो. आपला शेअर ९:१५ ते ९:४५ मध्ये बातमीवर १२ लाख करतो, नेहमी तोपर्यंत ३.६ होतात. त्यानंतर तो अगदी नेहमीसारखा चालतो. दुपारी १ ला एकूण १९.६ लाख, नेहमीचे ११.२, उत्तर १.७५. दीडपटीची अट पास! आणि १ वाजता किंमत सकाळच्या हायच्या वर गेली तर स्कॅनर ब्रेकआऊट म्हणून वाजवतो, पण त्या ब्रेकआऊटच्या वेळी व्हॉल्यूम नेहमीइतकाच आहे, नवीन कोणीच आलेलं नाही. असे ब्रेकआऊट हायच्या वर दोन-तीन कॅन्डल रेंगाळून खाली येताना मी खूप बघितलेत. म्हणून दुसरी अट जोडायची, शेवटच्या अर्ध्या तासाचा व्हॉल्यूम भागिले मागच्या २० सत्रांतल्या त्याच अर्ध्या तासाचा मध्यक. कोडमध्ये `cum` च्या जागी `g.T.rolling(6).sum().T` घ्या, बाकी तेच. पहिली अट सांगते आज या शेअरमध्ये काही वेगळं चाललंय का, दुसरी सांगते की ते आत्ता चालू आहे का. एकूण १.५ च्या वर आणि शेवटचा अर्धा तास २ च्या वर, इथून सुरुवात करा आणि आपल्या लिस्टवर वरखाली करा. ९:४५ च्या आधी दुसरी अट चालत नाही, कारण अर्धा तास भरलेलाच नसतो, आणि तसंही पहिल्या दहा मिनिटांत एकूण आकडाही एखाद्या मोठ्या ऑर्डरने उड्या मारतो, तेव्हा ९:३० च्या आधीचं उत्तर मी धरतच नाही.

छेद लहान असला की गुणोत्तर वाटेल ते येतं, हेही बघावं लागतं. १०:१५ पर्यंत एरवी ८०० शेअर होणाऱ्या कंपनीत कोणी एकाने ८,००० घेतले तर १० दिसतो आणि ती लिस्टमध्ये सगळ्यात वर बसते. छेदाला शेअरच्या भावाने गुणून रुपयात आणा आणि किमान मर्यादा लावा, मी १०:१५ ला ५० लाख रुपये धरतो, तुमच्या क्वांटिटीप्रमाणे बदला.

शेवटचं म्हणजे बोनस आणि स्प्लिट. १० रुपये फेस व्हॅल्यूचा शेअर २ चा झाला की त्याच पैशात पाचपट शेअर फिरतात, आणि जुना मिनिट डेटा त्याप्रमाणे बदललेला नसेल तर एक्स-डेटच्या सकाळपासून रिलेटिव्ह व्हॉल्यूम ५ दिसायला लागतो. मध्यक वापरला तर ही फसवणूक साधारण दहा सत्रं टिकते, मग मध्यक नव्या पातळीवर उडी मारतो. शेअरऐवजी रुपयातली उलाढाल घेऊन सगळं गणित केलं तर हा प्रश्नच येत नाही, प्रत्येक कॅन्डलचा व्हॉल्यूम गुणिले क्लोज, मात्र दोन्ही त्याच डेटातले हवेत. किंमत ॲडजस्ट केलेली आणि व्हॉल्यूम जुनाच, असा मिसळलेला डेटाही मिळतो, तिथे उलाढालही चुकते, म्हणून एक्स-डेटच्या आदल्या दिवसाची उलाढाल एक्स्चेंजच्या भावकॉपीशी एकदा जुळवून घ्या.